घंटागाडी आणि डेपो यांच्या मधला थांबा

घरासमोरून गेलेली घंटागाडी पुढे कुठे जाते, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, ‘डेपोवर’. मोठ्या शहरात ते सहसा खरं नसतं. घंटागाडीत मावतो पाऊण टनाच्या आसपास कचरा. डेपो असतो शहराच्या वेशीबाहेर, पंधरा-वीस किलोमीटरवर. एवढासा माल घेऊन ती छोटी गाडी रोज भर वाहतुकीतून तिथवर जाऊन परत यायला लागली, तर दुसऱ्या गल्लीतला कचरा दुपारपर्यंत तसाच पडून राहील. म्हणून मध्ये एक थांबा लागतो. तिथे लहान गाड्या रिकाम्या होतात आणि मोठ्या गाड्या भरून निघतात. पालिकेच्या कागदावर त्याला ‘कचरा हस्तांतरण केंद्र’ म्हणतात, पुण्यात लोक त्याला सरळ ‘रॅम्प’ म्हणतात आणि आपल्या वॉर्डात तो होणार म्हटलं की सोसायटीच्या सभेत पहिला विरोधाचा ठराव त्याच्याच नावाने होतो.

विरोध अकारण असतो असं नाही. पण रॅम्प वाईट की चांगला, हे ठरवण्याआधी तिथे नेमकं काय चालतं ते पाहायला हवं. बाहेरून पाहणाऱ्याला नुसता वास येतो. आत मात्र वजन, पाणी आणि वेळ यांचा हिशेब चाललेला असतो. वास हा बहुतेक वेळा तो हिशेब चुकल्याचा परिणाम असतो.

मधल्या थांब्याची कल्पना जुनी आहे. मुंबईतला कचरा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेच्या डब्यांत भरून चेंबूरच्या दलदलीकडे जायचा. कुर्ला ते चेंबूर हा रूळ १९०६ साली मुळात कचऱ्याच्या गाड्यांसाठीच टाकलेला. त्यावर माणसं बसून जायला लागली ती १९२४ पासून. आज हार्बर लाइनवर घामाघूम उभे असलेले प्रवासी ज्या मार्गाने जातात, त्याच्या एका तुकड्याचं मूळ कचऱ्यात आहे. पुढे रेल्वेची जागा ट्रकांनी घेतली आणि महालक्ष्मी, कुर्ला, वर्सोवा इथली केंद्रं मुंबईकर कचऱ्याची मधली स्थानकं झाली.

पुण्याची गोष्ट याहून बोलकी आहे. शहराचा कचरा कोथरूडच्या डेपोवर जात होता तोवर अंतराचा फारसा प्रश्न नव्हता. कोथरूड वाढलं, डेपो नकोसा झाला आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. (कोथरूडच्या त्या जागेवर आता मेट्रोचं कार डेपो उभं आहे. डेपो गेला आणि डेपोच आला.) औंध-पाषाणचा कचरा आता आख्खं शहर ओलांडून न्यायचा होता. रॅम्पची खरी गरज तेव्हा पडली. कात्रज, हडपसर, घोले रोड, औंध ही नावं पुणेकरांच्या कचऱ्याच्या भूगोलात आली ती अशी.

हे अंतर किती महाग पडतं ते एका हिशेबाने पाहू. आकडे मी सोयीसाठी धरलेले आहेत. तुमच्या शहराचे आकडे घालून हाच हिशेब तुम्हाला करता येईल.

समजा, शहराच्या एका भागातून रोज ९० टन कचरा निघतो आणि डेपो २० किलोमीटरवर आहे. घंटागाडीत ७५० किलो मावतात, म्हणजे रोज १२० खेपा झाल्याच पाहिजेत. गल्लीबोळांतून फिरून गाडी भरायला दोन तास लागतात. डेपोवर थेट जायचं तर जाऊन-येऊन ४० किलोमीटर, शहरी वाहतुकीत त्याचे दोन तास, शिवाय डेपोच्या वजनकाट्यावरची रांग आणि गाडी उलटायचा अर्धा तास. एक खेप साडेचार तासांची. आठ तासांच्या पाळीत अशा दोन खेपा बसत नाहीत. तासभर ओव्हरटाइम दिला तर बसतात. तरीही ६० घंटागाड्या लागणार.

आता तीन किलोमीटरवर रॅम्प आहे असं धरा. जाणं-येणं आणि गाडी रिकामी करणं मिळून अर्धा तास. खेप अडीच तासांवर आली, म्हणजे साडेसात तासांत तीन खेपा झाल्या. ४० गाड्यांत काम भागलं, तेही पाळीच्या आत. रॅम्पवरून पुढे कचरा न्यायला १२ टन नेणाऱ्या मोठ्या गाड्यांच्या आठ खेपा लागतात. एक गाडी पाळीत तीन खेपा मारते, म्हणजे तीन मोठ्या गाड्या पुरल्या.

किलोमीटर मोजले तर फरक डोळ्यांत भरतो. थेट नेताना सगळ्या गाड्या मिळून रोज ४,८०० किलोमीटर पळतात. रॅम्प असेल तर घंटागाड्यांचे ७२० आणि मोठ्या गाड्यांचे ३२० मिळून १,०४०. मात्र या आकड्याने हुरळून जायचं नाही. मोठी गाडी एका लिटरमध्ये तीन किलोमीटर चालते आणि घंटागाडी बारा. त्या मानाने डिझेल ४०० लिटरवरून १६७ वर येतं. किलोमीटर पाचव्या हिश्शावर येतात, डिझेल मात्र निम्म्याहून थोडं कमी होतं. लिटरला ९० रुपये धरले तर रोजचे २१ हजार, टनामागे सव्वादोनशेच्या वर. हे पैसे थोडे नाहीत, पण खरी बचत इथे नाहीच. ती आहे कमी झालेल्या २० गाड्यांत आणि त्यांवरच्या ड्रायव्हर-मदतनिसांत. ही माणसं काढून टाकायची नसतात. ज्या वस्तीत गाडी एक दिवसाआड जाते तिथे ती रोज जाऊ शकते. घंटागाडीवरच्या माणसाचं काम दारात कचरा घेणं हे आहे. तो हायवेवर सिग्नलला बसून राहिला तर पालिका त्याला बसून राहण्याचाच पगार देते.

यातून रॅम्पचा खर्च वजा करायचा. जागा, शेड, यंत्र, वीज, वजनकाटा आणि माणसं हे सगळं टनामागे वाटलं की एक आकडा येतो आणि तो डेपोच्या अंतराशी ताडून पाहायचा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००२ मध्ये या विषयावर एक पुस्तिका काढली, त्यातलं उदाहरण चांगलं आहे. कचरागाडी सात टनांची, पुढची मोठी गाडी २१ टनांची, वाहतूक मैलाला तीन डॉलर आणि केंद्राचा खर्च टनाला दहा डॉलर. या हिशेबात जाऊन-येऊन ३५ मैलांच्या आत डेपो असेल तर केंद्र बांधणं तोट्याचं, त्यापुढे फायद्याचं. ३५ मैल म्हणजे ५६ किलोमीटर, एका बाजूने २८.

आपल्याकडचे अधिकारी कधीकधी हाच आकडा जसाच्या तसा उचलतात आणि ‘आपला डेपो तर वीसच किलोमीटरवर, आपल्याला केंद्राची गरज काय’ असं म्हणतात. इथे गफलत होते. तिकडची मोठी गाडी लहान गाडीच्या तिप्पट माल नेते. आपली १२ टनांची गाडी पाऊण टनाच्या घंटागाडीच्या सोळापट नेते. लहान गाडी जितकी लहान तितका तिचा लांबचा प्रवास महाग, आणि म्हणून आपल्याकडे केंद्र परवडायला लागतं ते बरंच अलीकडे. उलट, शहर छोटं असेल, डेपो पाच-सात किलोमीटरवर असेल, तर केंद्र बांधणं म्हणजे ठेकेदाराचं भलं करणं. अशी केंद्रंही बांधली गेली आहेत आणि त्यांच्या शेडमध्ये आज भंगार गाड्या उभ्या असतात.

मोठ्या गाडीत १२ टन भरायचे कसे, हा पुढचा प्रश्न. इथेच दाबण्याचं यंत्र येतं.

साध्या रॅम्पची रचना नावाप्रमाणेच असते. चढावरून घंटागाडी उलटी वर येते, मदतनीस मागून हात करत ‘येऊ दे, येऊ दे, बास’ म्हणतो, फाळका उघडतो, आणि कचरा खाली उभ्या असलेल्या मोठ्या गाडीत पडतो. अडकलेल्या पिशव्या लोखंडी पंजाने ओढून काढल्या की गाडी मोकळी. सुधारलेल्या केंद्रात खाली ट्रकऐवजी हॉपर म्हणजे मोठं नरसाळं असतं. हॉपरच्या तळाशी पोलादी फळी असते, तिला रॅम म्हणतात. हायड्रॉलिक दाबाने ती पुढे सरकते, समोर जोडलेल्या बंद कंटेनरमध्ये कचरा ढकलते आणि मागे येते. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. सुरुवातीला रॅम सहज जातो. कंटेनर भरत आला की यंत्राचा आवाज जड होतो आणि दाबाचा काटा वर चढतो. चालवणारा अनुभवी असेल तर काट्याकडे न पाहता आवाजावरून सांगतो की आता दोन-तीनच ढकल्या उरल्या. मग कंटेनरचं दार बंद होतं, कड्या लागतात, हूक लोडर गाडी येते, आपल्या आकड्याने अख्खा कंटेनर पाठीवर ओढून घेते आणि निघते.

दाबल्याने किती फायदा होतो, हे मात्र कचरा कोणता यावर अवलंबून आहे. पाश्चात्त्य देशांतला घरगुती कचरा म्हणजे खोकी, डबे, बाटल्या, वेष्टनं. एका घनमीटरमध्ये त्याचं वजन जेमतेम १००-१५० किलो भरतं, बाकी सगळी हवा. तो दाबला की तिप्पट-चौपट माल बसतो. आपल्या कचऱ्यात भाजीची देठं, कलिंगडाच्या साली, उरलेला भात, नारळाची चोडं, चहाचा चोथा. त्यात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. तो न दाबताच घनमीटरला ४०० ते ५०० किलो भरतो.

आता २० घनमीटरचा कंटेनर घ्या. आपला मिश्र कचरा त्यात नुसता ओतला तरी नऊ टन बसतो. आपल्याला हवेत १२ टन. म्हणजे दाबून फक्त सव्वापट-दीडपटच करायचं आहे, आणि त्याहून पुढे जाताही येत नाही, कारण रस्त्यावर गाडीचं वजन कायद्याने बांधलेलं आहे. तीन आसांच्या ट्रकला २०१८ च्या दुरुस्तीनंतर मालासकट साडेअठ्ठावीस टनांची मर्यादा आहे. गाडीचा सांगाडा, हूकची यंत्रणा आणि पोलादी कंटेनर यांचं वजन त्यातून वजा केलं की उरतात बारा-चौदा टन. तेवढे भरले की यंत्रात कितीही ताकद असली तरी तिचा उपयोग नाही.

म्हणून ‘आमचा कॉम्पॅक्टर चारास एक प्रमाणात दाबतो’ ही जाहिरात आपल्याकडे फसवी ठरते. ओल्या कचऱ्यातली हवा निघून गेल्यावर रॅम दाबत राहतो तेव्हा तो कचरा दाबत नसतो, ओलं फडकं पिळावं तसं पाणी पिळत असतो. निविदेत यंत्राची ताकद विचारतात, पिळलेल्या पाण्याचं काय करणार हे विचारत नाहीत. मला वाटतं, कचरा केंद्रांच्या निम्म्या तक्रारींचं मूळ या एका न विचारलेल्या प्रश्नात आहे.

हे पाणी म्हणजे लिचेट. कामगार त्याला ‘काळं पाणी’ म्हणतात, ताज्या कचऱ्याचं ते खरं तर पिवळट-तपकिरी असतं. १२ टनांतून टक्का-दोन टक्के पाणी सुटलं तरी एका कंटेनरमागे १२० ते २४० लिटर झालं. आठ कंटेनरचं मिळून हजार-दोन हजार लिटर. ते गटारात सोडायचं म्हटलं तर त्यातला सेंद्रिय भार घरगुती सांडपाण्याच्या कित्येक दहापट असतो. नीट बांधलेल्या केंद्रात हॉपरच्या खाली चर असतो, चरातून पाणी बंद टाकीत जातं आणि टाकी टँकरने उपसून प्रक्रियेला नेतात. चराच्या तोंडावरच्या जाळीत चिंध्या आणि केसांचे गुंते अडकतात. ती जाळी रोज साफ केली नाही तर पाणी चरात न जाता फरशीवर पसरतं आणि गाड्यांच्या चाकांबरोबर रस्त्यावर येतं.

कंटेनरच्या दाराला रबरी पट्टी असते. ती झिजली की गाडी वळणावर किंवा गतिरोधकावर आदळते तेव्हा मागून धार सुटते. पहाटे दुचाकी घसरण्याच्या ज्या बातम्या येतात, त्यांतल्या काहींत तेलाबरोबर हे पाणीही असतं. पट्टी बदलायला फार खर्च येत नाही. पण गाडी पाळीतून बाहेर काढावी लागते, आणि तेच कोणाला नको असतं.

यात पैशाचीही एक गोम आहे. वाहतुकीचा ठेका बहुधा टनावर असतो. पाण्याचंही वजन भरतं. पावसाळ्यात उघड्या रॅम्पवर कचरा भिजला की ठेकेदाराचं बिल आपोआप वाढतं, मग शेडच्या फुटलेल्या पत्र्याची त्याला घाई कशाला असेल? केंद्रावर निघताना आणि डेपोवर पोचल्यावर अशा दोन्ही ठिकाणी वजन घेतलं आणि दोन्ही पावत्या शेजारी ठेवल्या, तर वाटेत किती पाणी गळलं ते कळतं. दोन वजनांत रोज शे-दोनशे किलोंचा फरक पडत असेल तर ते पाणी रस्त्यावरच गेलं.

वासाचं मूळही या पाण्याशी आणि वेळेशी जोडलेलं आहे. ताज्या कचऱ्यात हवा खेळती असते तोवर तो कुजतो, पण घाण सुटत नाही. हवा संपली की दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात. त्यांच्या कामातून आंबूस आम्लं, कुजलेल्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड आणि कांदा सडल्यासारख्या वासाची गंधकाची संयुगं तयार होतात. दाबून बंद केलेल्या कंटेनरमध्ये हवा नसतेच. म्हणजे दाबण्याने वाहतूक स्वस्त होते, पण वासाचं घड्याळही तिथूनच वेगाने धावू लागतं. पस्तीस अंशांच्या उन्हात उभा असलेला भरलेला कंटेनर संध्याकाळपर्यंत काय होतो, हे मच्छीबाजाराजवळच्या वॉर्डातल्या लोकांना विचारा. म्हणून वासावरचा पहिला उपाय फवारा नाही, पहिला उपाय गाडी आहे. भरलेला कंटेनर त्याच दिवशी निघाला पाहिजे, आधी आलेला कचरा आधी गेला पाहिजे, आणि रात्री केंद्र बंद होताना फरशीवर काही उरता कामा नये. कोपऱ्यात तीन दिवस पडलेला एक ढीग अख्ख्या केंद्राला बदनाम करतो, कारण नवा कचरा त्याच्यावर येऊन पडतो आणि जुना तळाशीच राहतो.

त्यानंतर येते बंद इमारत. हाँगकाँगमध्ये जागा इतकी कमी आहे की केनेडी टाउन या भरवस्तीच्या भागात १९९७ साली त्यांनी डोंगर पोखरून गुहेत कचरा केंद्र केलं. कचरागाड्या गुहेत शिरतात, आत कचरा दाबून कंटेनरमध्ये भरतात आणि ते कंटेनर जहाजाने दूरच्या भरावभूमीवर जातात. अशा केंद्रांतलं तत्त्व सोपं आहे. मोठे पंखे आतली हवा सतत ओढून घेतात, त्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी राहतो. दार उघडलं तर बाहेरची हवा आत येते, आतली बाहेर जात नाही. ओढलेली हवा रसायनांच्या पाण्यातून किंवा कोळशाच्या थरातून धुऊन-गाळून मग सोडतात. याचा एक स्वस्त भाऊही आहे, लाकडाच्या ढलप्यांचा ओलसर थर. त्यावर वाढलेले जिवाणू वासाचे वायू खाऊन टाकतात. थर कोरडा पडला की जिवाणू मरतात आणि वास आरपार येतो, म्हणून त्याला रोज पाणी लागतं.

आपल्याकडच्या बऱ्याच केंद्रांना मात्र तीन भिंती आणि एक पत्रा असतो, चौथी बाजू गाड्यांसाठी सताड उघडी. तिथे पंखे बसवून काही साधत नाही. मग लिंबाच्या नाहीतर गुलाबाच्या वासाचं पाणी फवारतात. त्याने वास जात नाही, त्यात भर पडते. गुलाब आणि सडका कोबी असा जो मिश्र वास येतो तो शेजाऱ्यांना मूळ वासाहून नकोसा होतो. जिवाणूंचं कल्चर फवारलं तर थोडा उपयोग होतो, पण त्यालाही काम करायला वेळ लागतो आणि केंद्रावर कचरा तासा-दोन तासांपेक्षा जास्त थांबायलाच नको असतो.

बंद इमारतीचं केंद्र तुमच्या जवळ झालं असेल आणि ‘आतून हवा ओढून घेतो’ असं सांगितलं गेलं असेल, तर एक साधी परीक्षा आहे. दार उघडं असताना उंबऱ्यापाशी पेटती उदबत्ती धरा. धूर आत वळला तर पंखे चालू आहेत. बाहेर आला किंवा सरळ वर गेला, तर ते फक्त उद्घाटनाच्या दिवशी चालले. विजेचं बिल वाचवायला पंखे बंद ठेवणं हा या केंद्रांचा नेहमीचा आजार आहे. दुसरा आजार म्हणजे दारच. जलद उघडणारी आणि मिटणारी शटर बसवतात, पण सकाळी गाड्यांची रांग लागली की कोणीतरी ते वर बांधून टाकतो. मग कितीही पंखे असले तरी व्यर्थ.

रांगेचा मुद्दा एवढ्यावर संपत नाही. घंटागाड्या दिवसभर सारख्या अंतराने येत नाहीत. सगळ्या साधारण एकाच वेळी निघतात, म्हणून भरूनही एकाच वेळी येतात. सकाळी नऊ ते बारा केंद्रावर झुंबड आणि दुपारी शुकशुकाट. हॉपर एकच असेल आणि प्रत्येक गाडीला रांगेत पाऊण तास गेला, तर वरच्या हिशेबातली तिसरी खेप बुडाली आणि केंद्राचा अर्धा फायदा तिथेच संपला. त्यामुळे केंद्र किती टनांचं आहे हे विचारताना ‘दिवसाला’ नव्हे, ‘तासाला’ विचारायला हवं. नव्वद टनांपैकी साठ टन तीन तासांत येणार असतील, तर तासाला वीस टन घेण्याची सोय लागते. म्हणजे दर सव्वादोन मिनिटांना एक घंटागाडी. एका हॉपरचं हे काम नाही. दोन तरी हवेत, शिवाय एक बिघडला तर दुसऱ्यावर भागवता यावं. काही वॉर्डांत फेऱ्यांच्या वेळा अर्ध्या तासाने पुढे-मागे केल्या तरी रांग बरीच मोडते, आणि त्याला एक रुपयाही खर्च येत नाही.

सगळं नीट असूनही केंद्र एका गोष्टीपुढे हतबल असतं. पुढचं दार बंद झालं तर? २०१७ च्या एप्रिलमध्ये फुरसुंगीच्या डेपोला आग लागली. वर्षानुवर्षं धूर, दूषित विहिरी आणि पोकळ आश्वासनं सोसलेल्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, आणि पुण्यातला कचरा मे महिन्यात शिरेपर्यंत शहरातच अडकून पडला. मधल्या थांब्यावर साठवायची जागा फार तर एका दिवसाची असते. मोकळे कंटेनर भरले की पुढची घंटागाडी उलटायची कुठे? रॅम्पच डेपो झाले. त्या दिवसांत रॅम्पशेजारी राहणाऱ्या माणसाला ‘हे केंद्र आहे, डेपो नाही’ हे पटवून देणं कोणालाच शक्य नव्हतं. गावकऱ्यांची बाजू मात्र चुकीची म्हणता येत नाही. शहराने आपला वास रोज वीस किलोमीटर दूर पाठवला होता.

यावरून शेवटचा मुद्दा निघतो, आणि तो दाबण्याच्या यंत्राशीच जोडलेला आहे. ओला आणि सुका कचरा एकाच हॉपरमध्ये पडला आणि दाबला गेला, की पुढे तो वेगळा करणं जवळजवळ अशक्य होतं. कागद भिजतो, काच फुटून ओल्यात रुतते, प्लास्टिकला खरकटं चिकटतं. त्या कंटेनरला डेपोवर ओतण्यावाचून दुसरी जागा उरत नाही. दाबण्याचा खरा फायदा सुक्या कचऱ्याला आहे, कारण हवा त्यातच आहे. ओल्याला गरज दाबण्याची नसून लवकर प्रक्रियेला पोचण्याची आहे. इंदूरने आपल्या केंद्रांवर ओला आणि सुका वेगळा उतरवून घ्यायची आणि वेगवेगळ्या कंटेनरमधून न्यायची शिस्त लावली. देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा रोजच्या ५५० टनांचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. त्याला लागणारा स्वच्छ ओला कचरा पोचतो तो मधल्या थांब्यावर मिसळला जात नाही म्हणून. आपल्याकडे कित्येक सोसायट्या घरात दोन डबे ठेवतात, घंटागाडीतही दोन कप्पे असतात, आणि रॅम्पवर दोन्ही कप्पे एकाच नरसाळ्यात रिकामे होतात.

तुमच्या भागात असं केंद्र असेल किंवा होऊ घातलं असेल, तर ‘नको’ म्हणण्याआधी वॉर्ड ऑफिसात जाऊन चार कागद मागा. काल शेवटचा भरलेला कंटेनर किती वाजता निघाला त्याची नोंद, केंद्रावरच्या आणि डेपोवरच्या वजनाच्या पावत्या, लिचेटचा टँकर शेवटचा कधी आला त्याची पावती, आणि ओल्या-सुक्याचे कंटेनर वेगळे गेल्याची नोंदवही. हे चारही कागद मिळाले तर केंद्र बहुधा बरं चाललंय. एकही मिळाला नाही, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.